हप्ता ठरलाय, महिने किती?

कर्जाचा हिशेब सांगणारे बहुतेक तयार तक्ते आधी मुदत विचारतात. रक्कम भरा, व्याजदर भरा, किती वर्षांत फेडणार ते भरा, मग महिन्याचा हप्ता कळेल. पहिल्या तारखेला पगार होणाऱ्याला हे बरोबर बसतं. हप्ता जास्त वाटला तर तो मुदत वाढवतो आणि मोकळा होतो.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात बचत गटाच्या बैठकीला बसलं की प्रश्न उलट्या टोकाने येतो. कर्ज मागणारी बाई आधी हप्ताच सांगते. महिन्याला हजार निघतील, त्याच्या वर नाही. घरात धान वर्षातून एकदा येतं, मोहफूल मार्च-एप्रिलात वेचायचं, तेंदूपत्ता मे महिन्यात, आणि मधल्या काळात जी मिळेल ती मजुरी. हजाराचा आकडा तिने या सगळ्यातून मीठ-तेल, शाळा, दवाखाना वजा करून काढलेला असतो. तो बँकेने किंवा गटाने ताणला तरी दीड हजार होत नाही. गटाचा व्याजदर ठरलेला, लागणारी रक्कम ठरलेली, हप्ताही ठरलेला. उरतो एकच प्रश्न : हे फिटणार कधी?

एक्सेल, लिब्रेऑफिस कॅल्क किंवा मोबाइलवरच्या गूगल शीट्समध्ये या प्रश्नासाठी एक स्वतंत्र फंक्शन आहे, NPER. हप्ता काढणारं PMT अनेकांना माहीत असतं, त्याचं हे भावंड मात्र फारसं कुणी वापरत नाही. मला ते अधिक उपयोगी वाटतं. PMT ला काहीही द्या, ते निमूटपणे हप्ता काढून देतं. NPER मात्र न फिटणारं कर्ज दिलं तर उत्तर द्यायला नकार देतं.

समजा, गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरी तालुक्यातली एक बाई शेळ्या घ्यायला गटाकडून २०,००० रुपये उचलते. गटाचा दर शेकडा दोन रुपये महिना, म्हणजे महिन्याला दोन टक्के, उरलेल्या बाकीवर. असा दर अंतर्गत कर्जासाठी अनेक गटांत चालतो. हप्ता १,००० रुपये, कर्ज घेतल्यापासून एक महिन्याने सुरू. शीटमध्ये तीन घरं भरायची आणि दोन सूत्रं लिहायची :

```
B1  20000
B2  2%
B3  1000
B4  =NPER(B2,-B3,B1)
B5  =ROUNDUP(B4,0)
```

B4 मध्ये २५.८० च्या आसपास आकडा येतो, B5 मध्ये २६. सव्वीस महिने.

सूत्रातला क्रम लक्षात ठेवायचा : आधी दर, मग हप्ता, मग कर्ज. हप्त्याआधी वजाचं चिन्ह आहे ते शोभेसाठी नाही. शीट पैशाची दिशा पाहतं. वीस हजार बाईच्या हातात आले म्हणून ते अधिक, हजार तिच्या हातातून गेले म्हणून ते वजा. हे चिन्ह विसरलं तर शीट अडत नाही, चूक आहे असंही सांगत नाही. ते उत्तर देतं, वजा १६.९९. इथे एक मोह होतो आणि तो महागात पडतो. उत्तरातलं वजा खोडायचं, ‘सतरा महिने’ म्हणायचं आणि वहीत लिहून टाकायचं. तो सतरा अगदीच खोटा दिसत नाही, म्हणून जास्त घातक. खरं उत्तर सव्वीस आहे. NPER चं उत्तर वजा आलं की उत्तर दुरुस्त करायचं नाही, सूत्र दुरुस्त करायचं.

दुसरी नेहमीची गफलत दराची. हप्ता महिन्याचा असेल तर दरही महिन्याचाच हवा. गटाचा दर महिन्यावर बोलला जातो, त्यामुळे तिथे घोळ कमी. बँकेचा दर मात्र वर्षाचा असतो. ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, म्हणजे आपल्या ‘उमेद’मध्ये, महिला गटांना तीन लाखांपर्यंतचं बँककर्ज सात टक्के वार्षिक दराने मिळतं. तिथे दराच्या जागी 7%/12 लिहायचं. नुसतं 7% लिहिलं तर शीट ते महिन्याचे सात टक्के समजेल. वीस हजारांवर सात टक्के म्हणजे महिन्याला चौदाशे व्याज. हजाराच्या हप्त्याने ते कधीच फिटणार नाही, आणि शीट आकड्याऐवजी #NUM! दाखवेल. बाराने भागल्यावर तेच कर्ज २१.३ म्हणजे बावीस महिन्यांत फिटतं.

या #NUM! कडे पुन्हा येऊ. त्याआधी सव्वीस महिने येतात कुठून ते पाहिलं पाहिजे, कारण ते एकदा कळलं की फोन जवळ नसतानाही अंदाज बांधता येतो.

पहिल्या महिन्यात वीस हजारांवर दोन टक्के, म्हणजे ४०० रुपये व्याज होतं. बाई हजार भरते. त्यातले ४०० व्याजात गेले, ६०० मुद्दलात. बाकी १९,४००. दुसऱ्या महिन्यात व्याज ३८८, मुद्दलात ६१२. बाकी १८,७८८. तिसऱ्या महिन्यात व्याज सुमारे ३७६, मुद्दलात ६२४. हप्ता तोच, पण त्यातला मुद्दलाचा वाटा दर महिन्याला थोडा वाढत जातो, आणि वाढतोही दोन टक्क्यांनीच : ६०० चे ६१२, ६१२ चे ६२४. शेवटी शेवटी जवळजवळ सगळा हजार मुद्दलात जातो. NPER एवढंच मोजतं, की ६०० ला दरमहा दोन टक्क्यांनी वाढत वाढत हजारापर्यंत पोचायला किती महिने लागतात. ‘किती वेळा वाढवल्यावर’ हा प्रश्न लॉगरिदमचा असतो, म्हणून शीट आत तेच वापरतं. बाईला किंवा गटाच्या सचिवाला ते माहीत असण्याची गरज नाही.

माहीत हवं ते इतकंच : पहिल्या महिन्याचं व्याज हप्त्याचा किती भाग खातं? इथे हजारातले चारशे, म्हणजे चाळीस टक्के. सगळा निकाल या एका भागावर ठरतो. कर्ज वीस हजारांचं आणि हप्ता हजाराचा असो की कर्ज दोन लाखांचं आणि हप्ता दहा हजारांचा असो, दर दोन टक्के असेल आणि व्याज हप्त्याचे चाळीस टक्के खात असेल तर महिने सव्वीसच.

या भागाची एक पायरी तोंडपाठ ठेवण्यासारखी आहे. व्याज बरोबर अर्धा हप्ता खात असेल, तर कर्ज फिटायला तेवढेच महिने लागतात जेवढ्या महिन्यांत ते कर्ज काहीही न भरता दुप्पट झालं असतं. महिन्याच्या दोन टक्क्यांनी रक्कम दुप्पट व्हायला पस्तीस महिने लागतात. आपल्या उदाहरणात हप्ता ८०० केला तर व्याज ४००, म्हणजे बरोबर अर्धं. NPER सांगतं ३५.००३. दामदुपटीचा हिशेब जुन्या पिढीला बोटांवर येत असे, त्यामुळे ही खूण बैठकीत लगेच पटते. पहिलं व्याज हप्त्याच्या अर्ध्याहून जास्त असेल, तर दुप्पट व्हायला लागणाऱ्या काळापेक्षाही जास्त काळ आपण हे कर्ज ओढणार आहोत.

आता हप्ता हजारावरून पाचशेवर आणू. मनात लगेच येतं की हप्ता निम्मा तर महिने दुप्पट, बावन्न. NPER म्हणतं ८१.३. ब्याऐंशी महिने, पावणेसात वर्षांहूनही जास्त! हजाराच्या हप्त्याने एकूण २५,७९७ रुपये भरले असते, पाचशेने ४०,६३८ भरावे लागतात. पाचशेतले पहिले चारशे व्याजातच जातात, मुद्दलाला फक्त शंभर मिळतात. हप्ता निम्मा झाला, पण मुद्दलात जाणारी रक्कम सहाशेची शंभर झाली, म्हणजे सहावा हिस्सा. हप्ता कमी करून घेणाऱ्याला आपण नेमकं काय कमी केलं हे दिसत नाही. व्याज तिळभरही कमी झालेलं नसतं. कात्री लागते ती फक्त मुद्दलाला.

म्हणूनच वरच्या शंभर रुपयांची किंमत प्रत्येक ठिकाणी वेगळी असते. हजाराचे अकराशे केले तर महिने सव्वीसवरून तेवीस होतात, तीन महिने वाचतात. पाचशेचे सहाशे केले तर ब्याऐंशीवरून छप्पन्न, म्हणजे सव्वीस महिने वाचतात. बैठकीत कोणाला ‘अजून शंभर बघ ना, ताई’ असं म्हणायचं असेल तर ते पाचशे भरणारीला म्हणण्यात अर्थ आहे. हजार भरणारीला त्या शंभरासाठी ओढाताण करायला लावू नये.

आणि हप्ता खाली खाली आणत चारशेवर आला की? पहिल्या महिन्याचं व्याज चारशे, भरलेलेही चारशे. बाकी वीस हजार ती वीस हजारच. पुढच्या महिन्यात तसंच, दहा वर्षांनीही तसंच. इथे शीट #NUM! दाखवतं. शिकाऊ माणूस घाबरून सूत्र पुन्हा टाइप करतो. सूत्र बरोबर असतं. या हप्त्याने कर्ज फिटतच नाही, एवढंच शीट सांगत असतं. ४५० चा हप्ता घातला तर १११ महिने येतात, ४१० चा घातला तर १८८. चारशेच्या जवळ जाल तसे महिने अंगावर येतात आणि चारशेला उत्तरच संपतं.

तेव्हा #NUM! आलं की दोनच शक्यता तपासायच्या. एक, दर चुकून वर्षाचा पडला असेल किंवा 2% ऐवजी नुसते 2 टाइप झाले असतील, ज्याला शीट दोनशे टक्के समजतं. दोन, खरोखरच हप्ता व्याजाला पुरत नसेल. फरक ओळखायला कागद-पेन्सिल पुरते : कर्जाला महिन्याच्या दराने गुणा. येणारं व्याज हप्त्याहून कमी असेल तर टाइपिंगची चूक आहे, नसेल तर कर्जच चुकलं आहे.

उत्तरातल्या अपूर्णांकाचंही पाहायला हवं. २५.८० महिने म्हणजे पंचवीस महिने आणि चोवीस दिवस असं कोणी वाचतं. तसं नसतं. हप्ता महिन्याच्या बैठकीलाच भरायचा, म्हणजे पंचवीस हप्ते पूर्ण आणि सव्विसावा लहान. तो किती लहान ते असं काढतात :

```
=-FV(B2,ROUNDDOWN(B4,0),-B3,B1)*(1+B2)
```

पंचवीस हप्त्यांनंतर ७८१.८२ बाकी राहते, त्यावर एका महिन्याचं व्याज धरून शेवटचा हप्ता ७९७.४६. अपूर्णांकाला हप्त्याने गुणलं तर ७९६ येतात, जवळपास तेवढेच, पण तंतोतंत नाही. वहीत मात्र सूत्रानेच काढलेला आकडा लिहावा, कारण शेवटच्या हप्त्याचे रुपये दोन रुपयांनी जरी चुकले तरी त्यावरून होणारी कुरबूर दोन रुपयांची नसते.

ROUNDUP डोळे झाकून वापरायचं नाही, हे ८०० च्या हप्त्यात दिसतं. ३५.००३ चं ते छत्तीस करतं. वरचं सूत्र चालवलं तर कळतं की छत्तिसावा हप्ता सव्वादोन रुपयांचा आहे. एवढ्यासाठी कोणी खातं महिनाभर उघडं ठेवत नाही, पस्तिसाव्या हप्त्यातच वरचे सव्वादोन रुपये घेऊन ते बंद करतात.

आता या हिशेबाची सगळ्यात मोठी अडचण, आणि ती शीटमध्ये नसून गटाच्या वहीत आहे. अनेक गटांत ‘हजाराचा हप्ता’ म्हणजे मुद्दलाचा हजार. त्या महिन्याचं व्याज त्यावर वेगळं. वीस हजारांचं कर्ज वीस महिन्यांत फेडायचं, पहिल्या महिन्यात हजार मुद्दल आणि चारशे व्याज, मिळून चौदाशे; दुसऱ्या महिन्यात हजार आणि तीनशे ऐंशी; असं उतरत उतरत शेवटच्या महिन्यात हजार वीस. एकूण व्याज ४,२०० रुपये. ही पद्धत स्वस्त आहे, वहीत समजायला सोपी आहे, सचिव म्हणून कमी शिकलेली बाईही ती चालवते. पण तिथे NPER चं काम नाही, महिने तोंडीच निघतात : वीस हजार भागिले हजार. NPER समान हप्त्यासाठी आहे, व्याज आणि मुद्दल एकत्र धरून.

घोळ होतो तो दोघी ‘हजार’ म्हणतात आणि दोघींच्या मनात वेगळे हजार असतात तेव्हा. बाईच्या मनात घरातून निघणारे सगळे मिळून हजार. सचिवाच्या वहीत मुद्दलाचे हजार. पहिल्याच बैठकीत चौदाशे मागितले जातात, बाईकडे हजारच असतात, आणि कर्ज पहिल्या महिन्यापासून थकबाकीत जातं. त्यात कोणाचा खोटेपणा नसतो. कर्ज देताना एक प्रश्न विचारला असता तर पुरलं असतं : हे हजार व्याजासकट की व्याजाशिवाय? व्याजासकट असतील तर मुदत वीस नव्हे, सव्वीस महिने लिहायची.

तिसरी पद्धत गटाबाहेरची. घरपोच कर्ज देणारे किंवा वस्तू हप्त्यावर देणारे कधी कधी ‘फ्लॅट’ दर सांगतात. तोंडी आकडा तोच, शेकडा दोन. पण व्याज उरलेल्या बाकीवर नसतं, शेवटपर्यंत मूळ वीस हजारांवरच असतं. वीस महिने, दर महिन्याला चारशे, म्हणजे आठ हजार व्याज. हप्ता चौदाशे. ऐकायला गटाच्या पहिल्या हप्त्यासारखंच, फक्त हा चौदाशे कधी उतरत नाही.

अशा वेळी NPER हे पकडण्याचं साधन होतं. सांगितलेला दर, सांगितलेला हप्ता आणि हातात आलेली रक्कम घाला :

```
=NPER(2%,-1400,20000)
```

उत्तर १६.९९. दर खरोखर बाकीवर दोन टक्के असता तर चौदाशेच्या हप्त्याने सतरा महिन्यांत कर्ज फिटलं असतं. देणारा वीस सांगतोय. जास्तीचे तीन हप्ते, बेचाळीसशे रुपये, म्हणजे सांगितलेला दर आणि घेतला जाणारा दर यांतला फरक. खरा दर RATE ने काढला तर तो महिन्याला सुमारे ३.४४ टक्के निघतो. हातात वीसऐवजी प्रक्रिया शुल्क कापून साडेएकोणीसच हजार आले असतील तर 20000 च्या जागी 19500 घालायचे. फरक आणखी मोठा दिसेल. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ पासून सूक्ष्म कर्जासाठी लागू केलेल्या नियमांत कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत असावेत अशी मर्यादा आहे, आणि कर्जदाराला दराचा खुलासा करणारं सोप्या भाषेतलं पत्रकही द्यावं लागतं. त्या पत्रकातला वार्षिक दर बाराने भागून NPER मध्ये घातला आणि महिने जुळले नाहीत, तर प्रश्न विचारायला जागा आहे.

एक मात्र गटाच्या बाजूने सांगायला हवं. बँकेच्या सात टक्क्यांनी बावीस महिने आणि गटाच्या दोन टक्के महिन्याने सव्वीस, हे शेजारी शेजारी ठेवलं की गट महाग वाटतो. आहेच. पण गटाचं व्याज गटाच्याच पेटीत पडतं आणि पुढच्या कर्जाला उपयोगी येतं. घरपोच कर्जाचं व्याज गावाबाहेर जातं. NPER ला दोन्ही व्याजं सारखीच दिसतात.

आता जंगलाचा भाग. NPER असं धरून चालतं की दर महिन्याला तेवढाच हप्ता येईल, एकही चुकणार नाही, एकही मोठा होणार नाही. या दोन जिल्ह्यांत असं वर्ष नसतं. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे दहा-पंधरा दिवस अख्खं घर पहाटेपासून जंगलात असतं. दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून संध्याकाळी फळीवर मोजून देतात. पेसा आणि वनहक्क कायद्यानंतर गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभा हा पत्ता स्वतः लिलावाने विकू लागल्या. त्याची मजुरी आणि पुढचा बोनस एकदम हातात येतो, वर्षातली ही मोठी रोकड. त्याच्या उलट पावसाळ्यात, रोवणी संपली की हात मोकळे आणि घर रिकामं.

एका NPER मध्ये हे बसत नाही. तुकडे पाडायचे. समजा, बाईने कर्ज नोव्हेंबरअखेर घेतलं आणि पहिला हप्ता डिसेंबरअखेर भरला. जूनअखेर सात हप्ते होतात. तेव्हाची बाकी FV ने काढायची :

```
=-FV(2%,7,-1000,20000)
```

१५,५३९ रुपये. सातव्या हप्त्यासोबत तिने तेंदूच्या पैशातले पाच हजार जादा भरले. बाकी १०,५३९. आता हीच नवी सुरुवात समजून NPER पुन्हा चालवायचं :

```
=NPER(2%,-1000,10539.43)
```

११.९५, म्हणजे आणखी बारा महिने. सात आणि बारा मिळून एकोणीस. मूळच्या सव्वीसमधले सात महिने गेले. त्यांतले पाच तर तिने स्वतःच पाच हजार भरून आधी उरकले, खरी कमाई वरच्या दोन महिन्यांची : एकूण भरणा २५,७९७ वरून २३,९५४ वर आला, १,८४३ रुपये वाचले. पाच हजारांवर मिळालेला हा फायदा कुठल्याही ठेवीपेक्षा मोठा आहे. पण ते पाच हजार पावसाळ्यात लागणार असतील आणि पुन्हा उसने आणावे लागणार असतील, तर नव्या उसनवारीचा दर आधी विचारायचा. तो दोन टक्क्यांहून जास्त असेल तर जूनमधली घाई तोट्याची ठरते.

आता उलटी बाजू. तेंदूचे पैसे दुसरीकडे गेले, जादा काही भरलं नाही, आणि जुलै, ऑगस्ट, सप्टेंबरचे तीन हप्ते चुकले. जूनअखेरची बाकी १५,५३९. तीन महिने दोन टक्क्यांनी वाढून ती १६,४९१ होते. ऑक्टोबरपासून पुन्हा हजार सुरू केले तर NPER सांगतं २०.२१. एकवीस हप्ते, त्यातला शेवटचा २११ रुपयांचा. सात, तीन आणि एकवीस, एकूण एकतीस महिने. तीन हप्ते चुकले आणि मुदत पाच महिन्यांनी लांबली. भरायची रक्कम २५,७९७ ऐवजी २७,२११.

इथे मात्र शीटने एक गोष्ट परस्पर गृहीत धरली आहे. चुकलेल्या महिन्यांचं व्याज मुद्दलात मिसळलं आणि त्यावरही व्याज चढलं. सगळे गट तसं करत नाहीत. अनेक ठिकाणी थकलेलं व्याज वेगळं लिहून ठेवतात, त्यावर व्याज लावत नाहीत. तेव्हा मुद्दल १५,५३९ च राहतं, त्यावर तीन महिन्यांचं साधं व्याज ९३२ रुपये बाजूला. NPER फक्त मुद्दलासाठी चालवायचं : १८.८०, म्हणजे अठरा पूर्ण हप्ते आणि एकोणिसावा ७९७ चा. शेवटी बाजूचे ९३२ त्यात मिळवले तर एकोणिसावा हप्ता पूर्ण हजाराचा होतो आणि विसावा ७३० चा. तीस महिने, भरणा २६,७३०. दोन पद्धतींत ४८१ रुपयांचा आणि एका महिन्याचा फरक पडतो, आणि कोणती बरोबर हे शीटवरून कळत नाही. ते गटाच्या नियमांच्या वहीत पहिल्या पानांवर असतं. तिथे नसेल तर पाऊस लागायच्या आत, जूनच्या बैठकीतच, ठराव करून लिहून घ्यायला हवं.